मदत हवी आहे: कन्नड-मराठी अनुवादाचं कोटेशन, अर्जंटचे जादा पैसे आणि टीडीएस

टिळकवाडीची_लेखणी
नमस्कार. मी बेळगावात घरूनच कन्नड-मराठी अनुवादाची कामं घेते. कोल्हापूरच्या एका कंपनीला खानापूर तालुक्यातल्या जमिनींचे भाडेकरार मराठीत हवेत. ४० पानं, सगळी स्कॅन केलेली. चार पानांवरचे शब्द पेन्सिलीने टिंबं देत मोजले, पानाला सरासरी ३०० पडले. म्हणजे १२,००० शब्द. माझा दर शब्दाला अडीच रुपये, त्याचे ३०,०००. रोज २,००० शब्द होतात, त्यांना मात्र तीन दिवसांत हवंय, म्हणून २५ टक्के जादा. एकूण ३७,५००.

त्यांचा अकाउंटंट म्हणतो, १० टक्के टीडीएस कापणार. मला हातात ३७,५०० हवेत. मग वर १० टक्के चढवून ४१,२५० लिहू का? कोटेशन आज रात्रीच पाठवायचं आहे.

शहापूरचा_विणकर
काय करूलाय ताई, कापू कशाला देताय! २०२५ च्या एप्रिलपासून मर्यादा ३० हजारांवरून ५० हजार झाली. तुमचं बिल त्याच्या आत आहे. तरी भीती वाटत असेल तर दोन बिलं करा.

हिशेबनीस
मर्यादा बरोबर सांगितलीत, पण ती एका बिलाची नाही. एकाच ग्राहकाकडून त्या आर्थिक वर्षात मिळालेली सगळी रक्कम धरतात. दोन बिलं केली तरी बेरीज तीच. ताई, याच कंपनीचं एप्रिलनंतर आधी काही काम केलंय का?

टिळकवाडीची_लेखणी
हो, जुलैमध्ये १८,००० चं. तेव्हा काहीच कापलं नव्हतं.

हिशेबनीस
मग धक्का बसायच्या आधीच ऐका. १८,००० आणि ३७,५०० मिळून ५५,५००. मर्यादा ओलांडली की टीडीएस वरच्या ५,५०० वर नाही, पूर्ण रकमेवर लागतो. म्हणजे ५,५५० रुपये, आणि त्यातले जुलैचे राहिलेले १,८०० सुद्धा याच बिलातून जाऊ शकतात. खात्यावर ३१,९५० येतील. "कंपनीने जास्त कापलं" असं वाटायचं, पण ते चुकीचं नसतं.

४१,२५० लिहू नका. त्याचे १० टक्के ४,१२५, म्हणजे हातात ३७,१२५ च उरतात, त्यामुळे तो हिशेबही जुळत नाही. शिवाय कापलेला पैसा तुमचाच आहे. तुमच्या पॅनवर जमा होतो, 26AS मध्ये दिसतो, विवरणपत्र भरताना वळता होतो. तो ग्राहकाकडून मागितला तर तुम्ही नुसते महाग दिसाल. पॅन मात्र कोटेशनवरच लिहा, नाहीतर २० टक्के कापतील.

निपाणी_नाका
आजोबांचं १९६२ चं खरेदीपत्र कन्नडात आहे. अनुवादावर नोटरीचा शिक्का लागतो का? ताई करून देतील का?

हिशेबनीस
त्यासाठी वेगळा धागा काढा ओ.

कन्नडातून_मराठीत
टीडीएसपेक्षा मोठी चूक दुसरीकडे आहे. "शब्दाला अडीच रुपये" म्हणजे कोणते शब्द? कन्नडातलं "माडलागिदे" हा एक शब्द, मराठीत "करण्यात आले आहे" असे तीन होतात. करारांत अशी क्रियापदं ओळीओळीला येतात. मी असंच मोघम लिहिलं होतं, मराठी शब्द मोजून बिल दिलं, तर ग्राहकाने मूळ कन्नड मोजून पैसे दिले. आठवडाभर भांडण. "मूळ कन्नड मजकुराचे शब्द" असं स्पष्ट लिहा. त्यात रक्कम काम सुरू होण्याआधीच ठरते, दोघांनाही बरं. मात्र फुगणारा मजकूर धरूनच दर ठेवा.

अर्जंटचंही तसंच. तीन दिवस कधीपासून? माझ्याकडे अर्धी पानं तिसऱ्या दिवशी आली आणि मुदत होती तशीच राहिली. "सर्व पानं वाचता येतील अशी मिळाल्यापासून" असं घाला. आणि जादा पैशाची ओळ वेगळी ठेवा, घासाघीस झाली तर मुदत वाढवून ती काढता येते, मूळ दराला हात लागत नाही.

शहापूरचा_विणकर
जादाची ओळ वेगळी, म्हणजे तेवढ्यावर टीडीएस नाही ना?

हिशेबनीस
लागतो. तो तुमच्या कामाचाच मोबदला आहे.

कन्नडातून_मराठीत
पण १० टक्केच का? मला एका कंपनीने कंत्राटी काम धरून १ टक्का कापला होता.

हिशेबनीस
तिथे मतभेद आहेत. व्यावसायिक सेवांच्या यादीत अनुवादकाचं नाव थेट नाही, त्यामुळे कुणी कंत्राट धरतात, कुणी खबरदारी म्हणून १०. तुम्ही विचारू शकता, ऐकतीलच असं नाही.

टिळकवाडीची_लेखणी
मग असं लिहिते: "मूळ कन्नड मजकुराचे अंदाजे १२,००० शब्द, प्रत्यक्ष मोजणीनुसार बिल, दर २.५०, रु. ३०,०००. तीन दिवसांत देण्याचे २५ टक्के, रु. ७,५००. मुदत सर्व पानं स्पष्ट मिळाल्यापासून. एकूण रु. ३७,५००, नियमानुसार टीडीएस यातून वजा." जुलैच्या १,८०० बद्दल अकाउंटंटला आधीच विचारते. एकच अडकलंय: सहा पानांवर तलाठ्याच्या हातच्या नोंदी आहेत, अक्षर लागत नाही. त्या शब्दांवर धरायच्या की पानावर?