न्यूट्रलकडचं 5 टक्के वाइंडिंग: तसंच सोडायचं की राखायचं?

साखळीकर
आमच्याकडे भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर टर्बाइन चालतं. जनरेटर 11 केव्हीचा आहे आणि युनिट ट्रान्सफॉर्मरमधून 33 केव्हीला जोडलेला आहे. न्यूट्रलला 11000/240 चा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या सेकंडरीत रेझिस्टर. टर्मिनलला अर्थ फॉल्ट झाला तर 10 अँपिअर वाहतील असा हिशेब. न्यूट्रलवर व्होल्टेज आलं की उचलणाऱ्या 59N रिलेचं सेटिंग 5 टक्के. कन्सल्टंट म्हणतात, 95 टक्के वाइंडिंग राखलं जातंय, बस झालं. मला ते पटत नाही. सेटिंग 1 टक्क्यावर का आणू नये? पावसाच्या आधीच्या शटडाउनमध्ये ठरवायचंय.

वास्कोकर
कन्सल्टंटचं बरोबर आहे. न्यूट्रलजवळच्या कॉइलवर जमिनीच्या तुलनेत व्होल्टेजच नसतं. इन्सुलेशन मात्र टर्मिनलकडे जेवढं तेवढंच तिथेही असतं. म्हणजे 6 हजार व्होल्ट सोसणाऱ्या इन्सुलेशनवर दोन-तीनशे व्होल्ट पडतात. ते फुटेल कशाला? आणि फुटलंच तर करंट इतका कमी की कोअरला काही होत नाही. नको त्या ट्रिपिंगनं भट्टीचं जे नुकसान होतं ते कोण भरणार?

टेस्टिंगवाला
वास्कोकर, व्होल्टेजच्या ताणाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. पण मशीनचं इन्सुलेशन फक्त व्होल्टेजनं जात नाही. स्लॉटमधला वेज सैल होऊन बार हलत राहतो, ओव्हरहँगची बांधणी ढिली पडते, आत एखादा नट राहून जातो, ओलसर धूळ साचते. यातल्या कशालाही आपण न्यूट्रलच्या टोकाला आहोत की टर्मिनलच्या, हे कळत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मशीन बंद असताना स्पेस हीटर चालू राहिला नाही तर काय होतं, ते मेगर घेणाऱ्याला विचारा.

आता साखळीकरांचा आकडा घेऊ. फेज व्होल्टेज 6351. टर्मिनलला पक्का अर्थ फॉल्ट झाला तर सगळं व्होल्टेज न्यूट्रलवर येतं, म्हणजे सेकंडरीत साधारण 139 व्होल्ट. 5 टक्के म्हणजे जवळपास 7 व्होल्ट. फॉल्ट न्यूट्रलपासून 3 टक्के अंतरावर झाला तर तो ढकलणारं व्होल्टेज फक्त 190, करंट 0.3 अँपिअर आणि रिलेला दिसतात 4.2 व्होल्ट. रिले गप्प बसतो. त्यात रिलेचा दोष नाही. तिथे मोजण्यासारखं काही उरतच नाही.

पण 5 टक्के हाही आकडा पक्का नाही. तो हिशेब फॉल्टला रेझिस्टन्स शून्य धरून केलेला असतो. तुमच्या न्यूट्रलचा रेझिस्टन्स प्रायमरी बाजूनं साधारण 635 ओम होतो. फॉल्टच्या जागी जळकट, ओलसर वाट असेल आणि तिचाही रेझिस्टन्स 635 ओम भरला, तर न्यूट्रलवर निम्मंच व्होल्टेज येतं. मग न दिसणारा भाग 5 चा 10 टक्के होतो. सुरुवातीचे फॉल्ट बहुतेक असेच असतात, पक्के नसतात.

कळंगुट डीजी
आमच्या हॉटेलच्या 415 व्होल्टच्या डीजीला अर्थ फॉल्ट रिले 20 टक्क्यांवर आहे आणि गीझर खराब झाला की लगेच ट्रिप होतो. तुम्हीही सीटी बसवून करंटवर घ्या ना, व्होल्टेजच्या भानगडीत कशाला पडता?

टेस्टिंगवाला
बाब, तुमच्या डीजीचा न्यूट्रल सरळ जमिनीला आहे, म्हणून गीझरच्या फॉल्टला भरपूर करंट मिळतो. साखळीकरांच्या जनरेटरला जास्तीत जास्त 10 अँपिअर, आणि न्यूट्रलजवळ तर 1 अँपिअरच्याही खाली. सीटीवर घेतलं तरी करंट व्होल्टेजच्याच प्रमाणात कमी होतो, तेव्हा आंधळा भाग तसाच राहतो.

वाळपईकर
1 टक्क्याचं सेटिंग करू नका एवढं मी अनुभवावरून सांगतो. 33 केव्ही लाइनवर झाड पडलं की युनिट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून थोडं व्होल्टेज जनरेटरच्या न्यूट्रलवर येतंच. सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात झाडं पडायची थांबत नाहीत. खालच्या सेटिंगला रिले लाइनच्या फॉल्टवर आपलं मशीन पाडतो. द्यायचंच तर दुसरा टप्पा द्या: सेटिंग खाली, पण वेळ लाइनच्या प्रोटेक्शनपेक्षा बरीच जास्त. तरीही अगदी न्यूट्रलवरचा फॉल्ट त्यालाही दिसणार नाही.

वास्कोकर
मग तेच तर म्हणतोय. 0.3 अँपिअरनं काय बिघडतं?

टेस्टिंगवाला
पहिल्या फॉल्टनं फारसं नाही, दुसऱ्यानं बिघडतं. न्यूट्रलजवळचा कॉपर कोअरला टेकला की तुमच्या रेझिस्टरला समांतर वाट तयार झाली. न्यूट्रल आता जवळपास जमिनीला बांधलेलाच आहे आणि कोणाला पत्ता नाही. पुढे त्याच फेजमध्ये मधोमध दुसरा फॉल्ट झाला, तर करंट रेझिस्टरकडे जातच नाही. तो कोअरमधून त्या दोन जागांमध्ये फिरतो, 10 अँपिअरची मर्यादा संपली. न्यूट्रल वर उचलला जात नाही म्हणून 59N ला फारसं काही दिसत नाही. डिफरन्शियलच्या दोन्ही सीटींत तोच करंट आत आणि बाहेर, म्हणून तोही गप्प. कळतं तेव्हा कोअरच्या पत्र्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या असतात.

साखळीकर, तुमचा रिले न्यूमेरिकल असेल तर मेनूमध्ये 27TN आहे का बघा. चालू मशीनच्या न्यूट्रलवर 150 हर्ट्झचं थोडं व्होल्टेज कायम असतं. न्यूट्रलजवळ फॉल्ट झाला की तेच नाहीसं होतं. 59N जिथे आंधळा तिथे याला चांगलं दिसतं. आधी नुसतं मोजा: नो लोडला, मग पाव, अर्ध्या आणि पूर्ण लोडला, शक्य असेल तर लीडिंग पॉवर फॅक्टरलाही. समजा सगळ्यांत कमी 0.8 व्होल्ट मिळाले, तर सेटिंग त्याच्या निम्मं, 0.4. टर्मिनल व्होल्टेज 80-85 टक्क्यांच्या खाली असताना ब्लॉक, नाहीतर मशीन चढवतानाच ट्रिप होईल.

वाळपईकर
इथे एक अडचण आहे. वाइंडिंगचा पिच दोन-तृतीयांश असेल तर तिसरा हार्मोनिक, म्हणजे तेच 150 हर्ट्झचं व्होल्टेज, जवळपास बनतच नाही. मग 27TN घ्यायचा कशावर? तिथे 20 हर्ट्झचं इंजेक्शन लागतं. ते बंद मशीनवरही फॉल्ट दाखवतं, पण वेगळी उपकरणं आणि वेगळा खर्च. आणि पिच बरोबर असला तरी मी 27TN ट्रिपला जोडणार नाही, अलार्मलाच ठेवीन. लोड बदलला की ते व्होल्टेज इतकं खालीवर होतं की भरवसा वाटत नाही.

टेस्टिंगवाला
पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही. रात्रपाळीत अलार्म वाजला तर माणूस तो ॲक्नॉलेज करतो आणि सकाळपर्यंत मशीन चालवतो. सुरुवातीचे काही आठवडे अलार्म ठेवून रीडिंग जमवा, मग ट्रिपला जोडा.

वाळपईकर
स्टीम ड्रमच्या एका हेलकाव्यानं लोड कोसळतो अशा प्लांटमध्ये मी तरी नाही जोडणार. अलार्म आला की लोड उतरवून मशीन हातानं काढायची लेखी सूचना ठेवीन.

साखळीकर
नेमप्लेटवर पिच दिलेला नाही, मेकरला विचारतो. रिलेत 27TN आहे, बंद ठेवलेला सापडला. उद्यापासून प्रत्येक लोडला 150 हर्ट्झचं रीडिंग लिहून घेतो. 59N खरंच 5 टक्क्यांवर उचलतो का, हे शटडाउनमध्ये कसं तपासू?

टेस्टिंगवाला
ब्रेकर उघडा, परमिट घ्या, एक्सायटेशन मॅन्युअलवर शून्याला ठेवा आणि एका फेजचं टर्मिनल जमिनीला बांधा. मग मशीन पूर्ण वेगावर आणून एक्सायटेशन अगदी हळू वाढवा. लाइन व्होल्टेज साधारण 550 झालं की 59N उचलायला हवा. 700 गेले तरी उचलला नाही तर थांबा आणि न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरचा रेशो आणि रिलेपर्यंतची वायर तपासा. काम झाल्यावर बांधलेला अर्थ काढल्याची नोंद परमिटवर दोघांच्या सहीनं करा.

कळंगुट डीजी
माझा प्रश्न वेगळाच निघाला, पण आमच्या डीजीला 20 टक्के का चालतात ते कळलं. देव बरें करूं.