‘समप्रमाणात’ की ‘व्यस्त प्रमाणात’? चौरस-त्रिकोणी तरंगजनित्रातले गुणोत्तर

अक्षरवेल: दोन ऑप-अँपच्या तरंगजनित्राविषयी एके ठिकाणी ‘वारंवारता रोधकांच्या गुणोत्तराच्या समप्रमाणात असते’ असे वाचले, तर दुसरीकडे ‘व्यस्त प्रमाणात’ असे. परिपथ एकच असताना नेमका शब्द कोणता?

तांब्याची तार: माझ्या मते दोन्ही चूक. गुणोत्तरावरून फक्त त्रिकोणाची उंची ठरते. वारंवारता इंटिग्रेटरचे R आणि C ठरवतात.

विद्युल्लता: उंचीचे म्हणणे बरोबर आहे, पण चढाचा वेग तोच राहिला आणि उंची वाढली, तर माथ्यापर्यंत पोहोचायला वेळ जास्त लागणारच. त्रिकोणी तरंग श्मिट ट्रिगरच्या धन टोकाशी नेणारा रोधक R1 आणि चौरस तरंग त्याच टोकाशी परत आणणारा R2 मानला, तर ट्रिगर ±Vsat·R1/R2 या पातळ्यांवर उलटतो. इंटिग्रेटरचा चढ Vsat/(RC) असल्यामुळे भागाकारात Vsat निघून जाते आणि उरते ते असे:

```
f = R2 / (4·R·C·R1)
```

म्हणजे R1/R2 म्हटले तर ‘व्यस्त’, R2/R1 म्हटले तर ‘सम’. गुणोत्तर कशाचे कशाशी, हे न सांगता यांपैकी कोणताही शब्द वापरणे मला अर्धवटच वाटते.

रात्रपाळी: माझ्या सूत्रात तर लॉगॅरिदम येतो!

विद्युल्लता: तो एकाच ऑप-अँपचा परिपथ असावा. तिथे धारित्र रोधकातून भारित होते, त्यामुळे रेषा वाकते. इथे इंटिग्रेटर धारित्राला स्थिर प्रवाह देतो, म्हणून ती सरळ राहते.

तांब्याची तार: मग माझ्या जोडणीचे काय? R1 १० किलोओम, R2 २० किलोओम, R १० किलोओम, C १० नॅनोफॅरड. सूत्राने ५ किलोहर्ट्झ यायला हवेत, पण ७४१ वापरल्यावर जेमतेम ३.३ मिळतात आणि त्रिकोणाची टोके गोलसर दिसतात.

विद्युल्लता: ती गोलाईच कारण सांगते. ७४१चे आउटपुट मायक्रोसेकंदाला साधारण अर्धा व्होल्टच सरकते. +१३ वरून −१३ व्होल्टवर जायला त्याला ५२ मायक्रोसेकंद लागतात. त्यांपैकी पहिले २६ त्रिकोण पातळीच्या पुढे जातो, पुढच्या २६ मध्ये पातळीवर परततो, आणि तिथून त्याचा खरा १०० मायक्रोसेकंदांचा प्रवास सुरू होतो. अर्धे आवर्तन १५२ चे झाले, म्हणजे ३.३ किलोहर्ट्झच. ट्रिगरच्या जागी TL082 घातलात, तर हा विलंब दोनेक मायक्रोसेकंदांवर येईल.

तांब्याची तार: बदलून पाहतो. मात्र R1 हा R2 पेक्षा मोठा केल्यावर तरंगच बंद पडला होता, तेही यामुळेच का?

विद्युल्लता: नाही. तेव्हा उलटण्याची पातळी Vsat च्याही पलीकडे जाते. इंटिग्रेटर तिथवर पोहोचूच शकत नाही आणि एका टोकाला अडकून राहतो.

अक्षरवेल: मी ‘R1/R2 च्या व्यस्त प्रमाणात’ असे लिहीन.

रात्रपाळी: काही आकृत्यांत R1 आणि R2 ची नावे उलटी असतात, तिथे हे वाक्य पुन्हा फसेल. नुसते सूत्र द्यावे, शब्द गाळावा.