बी विंग ग्रुप : सुरह रहमानमधली ती ओळ

सुलभा काकू (३०४): रुकय्याभाभी, काल तुमच्या सासूबाईंसाठी कुराणखानी होती ना, तेव्हा मी चहाचा थर्मास घेऊन दारात उभी होते. वाचणाऱ्या बाई एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होत्या. आपल्या आरतीच्या ध्रुवपदासारखं वाटलं. काय होतं ते?

रुकय्या (३०२): काकू, ती सुरह रहमान. ५५ वा अध्याय, ७८ आयती. त्यातल्या ३१ आयती म्हणजे हीच ओळ: ‘फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज़्ज़िबान’. तर तुम्ही दोघं आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?

मंदार (५०१): दोघं म्हणजे कोण?

रुकय्या: माणसं आणि जिन्न. शाळेत संस्कृतला द्विवचन होतं ना, तसं अरबीतही आहे. मराठीत ते नसल्यामुळे ‘दोघं’ असं वेगळं म्हणावं लागतं.

सुलभा काकू: पण एकतीस वेळा का गं?

रुकय्या: कुर्तुबींच्या तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या भाष्यात, याचं छान उत्तर आहे. ज्याच्यावर उपकार केले आणि तो ते मानत नाही, त्याला आपण म्हणतो, तू उपाशी होतास, मी जेवू घातलं, हे नाकारतोस? उघडा होतास, कपडे दिले, हे नाकारतोस? प्रश्न तोच, पण प्रत्येक वेळी समोर ठेवलेला उपकार वेगळा. म्हणून प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या आयतीला जोडून वाचायची. आधी समुद्रातून मोती आणि पोवळं निघतं असं येतं, मग प्रश्न. पुढे डोंगराएवढी गलबतं, पुन्हा प्रश्न.

मंदार: भाभी, मी आत्ता भाषांतर उघडलं. ३५ व्या आयतीत तुमच्यावर आगीच्या ज्वाळा सोडल्या जातील असं आहे आणि लगेच तीच ओळ. आग ही कसली देणगी?

रुकय्या: मंदार, मीही अब्बांना हेच विचारलं होतं. बरेच भाष्यकार म्हणतात, आधी सावध करणं हाच उपकार. पुढे दरड आहे अशी पाटी घाटात लावणारा आपल्यावर मेहेरबानीच करतो. दुसरं मत शब्दावरून आहे. तबरी या भाष्यकारांनी त्यांच्या आधीच्या इब्न ज़ैद यांचा अर्थ नोंदवलाय, ‘आला’ म्हणजे सामर्थ्य. तो घेतला की ज्वाळांनंतरची ओळ सरळ लागते. पण मोत्यांपाशी मला ‘देणगी’च जवळची वाटते.

मंदार: आणि ३१ च का?

रुकय्या: काहींनी गट पाडलेत. सृष्टीच्या वर्णनात ८, इशाऱ्यांच्या भागात ७, मग दोन बागांसाठी ८ आणि त्यांच्याशिवायच्या दोन बागांसाठी ८. नरकाची दारं सात आणि स्वर्गाची आठ, म्हणून. मोजून बघ, बेरीज बरोबर येते. पण आयतींत हे कारण कुठे सांगितलेलं नाही, जुळणी भाष्यकारांची.

सुलभा काकू: आणि तुम्ही ऐकणारे नुसते ऐकता?

रुकय्या: नाही काकू. तिरमिज़ींच्या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, आहे. पैगंबरांनी ही सुरह साथीदारांना ऐकवली, ते गप्प राहिले. पैगंबर म्हणाले, जिन्नांनी तुमच्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. दर वेळी ते म्हणायचे, ‘हे आमच्या पालनकर्त्या, तुझी कुठलीच देणगी आम्ही नाकारत नाही, स्तुती तुझीच.’ अम्मी शेवटच्या आजारपणात, आवाज निघेना तेव्हाही, त्या ओळीवर ओठ हलवायच्या.

सुलभा काकू: चाळिसाव्याला वाचाल तेव्हा बोलव. आत येऊन बसेन.