एच-आर आकृतीसाठी ताऱ्यांची कुठली यादी घ्यावी?

काणकोणची_टीचर
नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांकडून ताऱ्यांची तेजस्विता विरुद्ध तापमान अशी आकृती करून घ्यायचीय, खऱ्या आकड्यांवरून, पुस्तकातलं चित्र नुसतं उतरवून नको. शाळेत कॉम्प्युटर आहेत, मुलांना एक्सेल येतं. प्रश्न एवढाच की तारे कुठले घेऊ, आकाशातले सगळ्यात तेजस्वी 100 की सगळ्यात जवळचे 100? मुख्य क्रम, राक्षसी तारे आणि श्वेतबटू तिन्ही दिसायला हवेत.

म्हापसेकर_77
तेजस्वीच घ्या टीचर, नावं ओळखीची असतात, रोहिणी, स्वाती, व्याध, मुलांना मजा येते. श्वेतबटू त्यात येणार नाहीत पण ते तसेही फार विरळ असतात, दोन ठिपके हाताने काढले की झालं.

डिचोली_दुर्बीण
मला वाटलं आकाशाचा नकाशा हवाय म्हणून धागा उघडला. असो, माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे, श्वेतबटू त्यातून दिसतो का कोणी सांगेल का? व्याधाचा जोडीदार कितीदा शोधला, व्याधाच्या झगमगाटात काही सापडत नाही.

सत्तरीचा_वाटाड्या
म्हापसेकर, तेजस्वी यादीत श्वेतबटू नसतात हे बरोबर, पण कारण विरळपणा नाही. सूर्यापासून 10 पार्सेकच्या आत जवळपास वीस श्वेतबटू आहेत आणि तेवढ्याच जागेत राक्षसी तारा एकही नाही, सगळ्यात जवळचा म्हणजे पुनर्वसूतला पॉलक्स, तो जरासा बाहेर, आणि स्वाती त्याच्याही पलीकडे. म्हणजे विरळ तर राक्षसीच, फक्त ते इतके तेजस्वी की शेकडो प्रकाशवर्षांवरून डोळ्यांना दिसतात आणि यादी भरून टाकतात. उलट नुसत्या डोळ्यांनी दिसणारा श्वेतबटू आकाशात एकही नाही.

म्हणून टीचर, दोन्ही याद्या एकाच आकृतीवर टाका, वेगळ्या रंगांच्या ठिपक्यांनी. जवळच्या यादीत मुख्य क्रमाचं खालचं टोक तांबड्या बटूंनी गच्च भरेल आणि डावीकडे खाली श्वेतबटू येतील, तेजस्वी यादी उजवीकडचा वरचा कोपरा भरेल. कुठली यादी काय लपवते ते मुलांना तिथेच दिसेल.

जवळच्या ताऱ्यांसाठी गाया उपग्रहाचं अर्काइव्ह फुकट आहे, तिथे हे टाका:

```
SELECT source_id, parallax, phot_g_mean_mag, bp_rp
FROM gaiadr3.gaia_source
WHERE parallax > 40
  AND parallax_over_error > 50
```

मग एक्सेलमध्ये निरपेक्ष प्रत = G + 5·log10(parallax) − 10, पॅरॅलॅक्स मिलीआर्कसेकंदात. प्रतीचा अक्ष उलटा करायला विसरू नका, नाहीतर राक्षसी खाली जातात. दुसरी अट काढली तर मुख्य क्रम आणि श्वेतबटूंच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात ठिपक्यांचा ढग उठतो, ते खरे तारे नव्हेत, दाटीच्या भागातले चुकलेले पॅरॅलॅक्स. आणि रोहिणी, व्याध गायात शोधू नका, एवढे तेजस्वी तारे त्याला झेपत नाहीत, ते हिप्पार्कोसच्या यादीतून घ्या.

दुर्बीणवाले, व्याध सोडा, 40 एरिडानी बघा, मृगाच्या पश्चिमेला, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे छान वर येतो. मुख्य तारा 4.4 प्रतीचा, त्याच्यापासून बराच लांब 9.5 चा ठिपका, तोच श्वेतबटू, सहा इंचीत सहज दिसेल. त्याच्या अगदी शेजारी 11.2 चा तांबडा बटू, त्याला मात्र काळोखी रात्र लागेल.

टीचर, मुलांना पहिलं गणित ह्याच तिघांचं द्या. पॅरॅलॅक्स साधारण 200, म्हणजे प्रत्येकाच्या प्रतीत दीड मिळवायचा: 5.9, 11.0, 12.7. पहिला आणि तिसरा मुख्य क्रमावर बसतात. मधल्याचं तापमान 17,000 केल्विनच्या आसपास, तेवढा तापलेला मुख्य क्रमावरचा तारा उणे एकच्या वर असतो, हा 12 प्रतींनी खाली. एवढा गरम असून एवढा मंद, तर मग तो लहानच असायला हवा. निघतोही तसाच, पृथ्वीच्या दीडपटीच्या आत.

म्हापसेकर_77
हे पटलं. पण मग तारा म्हातारा होत जाईल तसा मुख्य क्रमावरून उजवीकडे खाली सरकतो ना? ते पण दाखवता येईल.

सत्तरीचा_वाटाड्या
नाही हो, क्रमावरची जागा वस्तुमानाने ठरते. तारा तिथेच बहुतेक आयुष्य काढतो, मग क्रम सोडून उजवीकडे वर जातो. तांबडा बटू हा म्हातारा सूर्य नव्हे.

काणकोणची_टीचर
खूप उपयोग झाला सर. एकच राहिलं, आडव्या अक्षावर तापमान लिहू की तो bp_rp रंग तसाच ठेवू? गायात तापमानाचा कॉलम दिसतोय.

सत्तरीचा_वाटाड्या
रंगच ठेवा. तो कॉलम नेहमीच्या ताऱ्यांच्या मॉडेलवरून काढलाय, श्वेतबटूंसाठी त्यावर भिस्त नको.

म्हापसेकर_77
पण रंगाचा आकडा बघून अकरावीच्या पोरांना काय कळणार, खाली निदान तीनचार ठिकाणी केल्विन लिहा.

सत्तरीचा_वाटाड्या
लिहा, पण मुख्य क्रमापुरतं. त्याच रंगाच्या राक्षसीला तोच आकडा तंतोतंत लागेल असं नाही.

डिचोली_दुर्बीण
40 एरिडानी लिहून घेतला, पावसाळा सरला की लावतो दुर्बीण.