माजी विद्यार्थिनीला शिफारसपत्र द्यायचे आहे. लिहायला बसण्यापूर्वी तिला काय काय विचारावे?

प्रयोगवही

नमस्कार. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थिनीचा नुकताच ईमेल आला आहे. मजकूर असा: "सर, मास्टर्ससाठी अर्ज करते आहे. आपले शिफारसपत्र मिळाले तर फार मदत होईल. सोबत बायोडेटा आणि पत्राचा मसुदा जोडला आहे. आपल्याला योग्य वाटतील ते बदल करून सही करावी." कोणता अभ्यासक्रम, कोणते विद्यापीठ, मुदत कधी, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. मसुद्यात "अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि जिज्ञासू" अशी विशेषणे आहेत. नाव बदलले तर तोच मसुदा वर्गातल्या कोणालाही चालेल.

माझा तिच्याशी संबंध दोन ठिकाणी आला. एक प्रकाशशास्त्राचा पेपर, ज्यात तिचे गुण मध्यम होते. दुसरा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, ज्यात तिघांच्या गटाने तापमान नोंदवणारे एक छोटे उपकरण तयार केले होते आणि ते काम खरोखर चांगले झाले होते. त्यानंतरची तिची नोकरी, ऑनलाइन प्रमाणपत्रे, एका परिषदेतले पोस्टर, हे सगळे मला तिच्या बायोडेटावरूनच कळते आहे.

पत्र देण्याची माझी मनापासून इच्छा आहे, परंतु आत्ता हातात जे आहे त्यावर बरे पत्र होणार नाही. तिच्याकडून कोणती माहिती मागवावी आणि इतके प्रश्न विचारले तर तिला तो अविश्वास वाटेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सरळरेषा

सर, आपण उगाच अवघड करून घेत आहात असे मला वाटते. मसुदा विद्यार्थ्यानेच आणून द्यायचा, शिक्षकाने भाषा सुधारून सही करायची, ही पद्धत सगळीकडे आहे. तिच्या बायोडेटातील सर्व गोष्टी पत्रात घ्या. जितक्या जास्त, तितके पत्र वजनदार. फक्त एक काळजी घ्या: पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असू द्या आणि आपला अधिकृत ईमेल पत्ताच द्या. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्रांची पडताळणी करत बसतात.

वहिवाट

यासाठी शिक्षकाने पत्र लिहिण्याची गरज नाही. विद्यार्थिनीने कार्यालयात अर्ज करावा. जुन्या नोंदी पाहून वर्तणुकीचा दाखला तेथूनच मिळतो. आमच्या मुलाला त्याच दिवशी मिळाला होता.

प्रयोगवही

वहिवाट, आपण म्हणता तो दाखला वेगळा. येथे विद्यापीठाला शिक्षकाचे शैक्षणिक मत हवे आहे आणि ते कार्यालय देऊ शकत नाही.

कावेरी_काठ

प्रवेश समितीत बसून अशी पत्रे वाचण्याचे काम मी करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सरळरेषा यांचा अधिकृत ईमेलचा मुद्दा बरोबर आहे. मसुद्याबद्दलचा नाही. एकाच अर्जातील तीन पत्रांमध्ये तीच विशेषणे आणि तीच वाक्यरचना दिसली की ती एका हाताने लिहिली आहेत हे लगेच लक्षात येते, आणि मग तिन्ही पत्रांवरचा विश्वास जातो. मसुदा ठेवा, पण तो माहितीचा कागद म्हणून वाचा. पत्र आपलेच असू द्या.

आता विचारायचे काय. पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा, आणि तो "कोणता विषय" एवढ्यावर थांबवू नका. पदवीचे पूर्ण नाव, विभाग आणि अभ्यासक्रमाच्या पानाची लिंक मागा. एकाच विषयातली एक मास्टर्स पदवी पूर्णपणे वर्गातील अभ्यासावर चालते आणि दुसरीत प्रबंध लिहावा लागतो. पहिलीसाठी वाचणाऱ्याला हे जाणून घ्यायचे असते की हिला अवघड विषयांचा भार पेलेल का. दुसरीसाठी, हिला प्रश्न सापडतो का आणि उत्तर चुकले तर ती पुढे काय करते. आपल्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे, कारण प्रबंधाच्या अर्जात आपला प्रकल्पाचा अनुभव सोन्यासारखा आहे, तर निव्वळ अभ्यासाच्या अर्जात वाचणारा प्रकाशशास्त्राच्या मध्यम गुणांकडे पाहणार.

दुसरा प्रश्न हेतूचा. तिची एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे हेतूपत्र, मागवा, कच्ची असली तरी चालेल. तिने एसओपीत "मला उपकरणे बनवण्यात रस आहे" असे लिहिले आणि आपण पत्रात तिच्या सैद्धांतिक ओढीचे कौतुक केले, तर वाचणारा दोन वेगळ्या व्यक्तींबद्दल वाचतो आहे असे वाटते. त्याच ओघात हेही विचारा की उरलेली पत्रे कोण देणार आहे आणि तिने आपल्यालाच का निवडले. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सगळ्यांत उपयोगी ठरते. "नोकरीबद्दल माझे वरिष्ठ लिहिणार आहेत, तुम्ही प्रकल्पाबद्दल लिहावे" असे ती म्हणाली की निम्मे काम झाले.

तिसरी गोष्ट कर्तृत्वाची, आणि येथे "अधिक तितके वजनदार" हे सूत्र उलटे पडते. जे आपण पाहिले नाही त्याची ग्वाही आपल्याला देता येत नाही. पोस्टर आणि प्रमाणपत्रे बायोडेटात आहेतच. पत्रात पुन्हा मोजून दाखवल्याने आपल्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे काही नाही, एवढेच उघड होते. आपल्यासमोर घडलेल्या एखाददुसऱ्या प्रसंगाची आठवण तिच्या शब्दांत मागवा आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहा. प्रकल्प तिघांचा होता, म्हणून त्यात तिचा स्वतःचा भाग कोणता हे स्पष्ट विचारा. त्यात अविश्वास नाही. समितीतला कोणीही हाच प्रश्न विचारणार आहे.

निवृत्त_फळा

माझा अनुभव सांगतो. सेवानिवृत्तीनंतर माझा संस्थेचा ईमेल बंद झाला. एका विद्यार्थ्याने अर्जात तोच जुना पत्ता भरला, त्यामुळे विद्यापीठाची लिंक माझ्यापर्यंत आलीच नाही आणि तो मात्र मी पत्र पाठवले असे समजून निर्धास्त होता. तेव्हापासून, कोणता पत्ता भरायचा हे मी आधी लेखी कळवतो आणि लिंक आल्याबरोबर त्याला सांगतो. निवृत्त माणसाने अधिकृत पत्ता कोठून आणावा, हा प्रश्न मात्र माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. सरळरेषा यांच्याकडे यावर उपाय आहे काय?

सरळरेषा

नाही. संस्था जुना पत्ता चालू ठेवत असेल तर उत्तम, नाहीतर विद्यार्थ्याने विद्यापीठाला आधी ईमेल करून विचारावे. बाकी कावेरीताईंचे पोस्टरबद्दलचे म्हणणे मला पटले. मसुद्याबद्दलचे तितके नाही. वर्गात दोनशे विद्यार्थी असणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकाचे प्रसंग कोठून आठवणार?

कावेरी_काठ

आठवत नसेल तर पत्र देऊ नये, असे माझे मत आहे, आणि नकार लवकर द्यावा म्हणजे तिला दुसरे कोणी शोधता येईल. प्रयोगवही सरांना तर आठवते आहे. सर, प्रकल्पात तिने काय केले होते?

प्रयोगवही

उपकरण पाऱ्याच्या थर्मामीटरपेक्षा सुमारे 2 अंश जास्त तापमान दाखवत होते. गटातील बाकी दोघांचे म्हणणे होते की प्रत्येक नोंदीतून 2 वजा करावेत आणि पुढे जावे. नोंदवहीत मात्र एक तक्ता आहे, ज्यात उपकरण चालू केल्यापासून दर पाच मिनिटांनी दोन्ही तापमाने लिहिली आहेत. सुरुवातीला फरक जवळजवळ शून्य आहे आणि अर्ध्या तासात तो वाढत जाऊन स्थिरावतो. म्हणजे सेन्सरमध्ये दोष नव्हता. शेजारचा सर्किट बोर्ड तापत होता आणि त्याची ऊब सेन्सरला लागत होती. सेन्सर लांब तारेवर बाहेर काढल्यावर फरक उरला नाही. सादरीकरणात हे तिनेच समजावले होते, परंतु तो तक्ता करण्याची कल्पना तिची होती की दुसऱ्या कोणाची, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

कावेरी_काठ

मग तेवढेच विचारा. तिचे उत्तर "कल्पना माझी होती" असे आले आणि वहीतले अक्षरही तिचे असेल, तर पत्राचा मधला परिच्छेद तयार आहे: "गटाने ठरावीक आकडा वजा करण्याचे ठरवले असताना हिने फरक वेळेनुसार बदलतो का हे तपासले आणि त्यातून त्रुटीचे कारण शोधून काढले." "जिज्ञासू" हा शब्द मग लिहावा लागत नाही. उत्तर वेगळे आले तर "गटाने" असे लिहा आणि तिने ते किती स्पष्ट मांडले याबद्दल बोला. तेही खरेच आहे. प्रकाशशास्त्राचे गुण गुणपत्रिकेत दिसणारच आहेत, त्यांचे समर्थन करत बसू नका.

आणखी एक. अनेक पोर्टलवर पत्रासोबत एक तक्ता भरायचा असतो: विश्लेषणक्षमता, लेखन, सहकार्य वगैरे, आणि प्रत्येकासमोर वरच्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत असे पर्याय. कोणाच्या तुलनेत, हेही विचारतात. जेथे पाहिलेले नाही तेथे "सांगता येत नाही" हा पर्याय निवडण्यात काही गैर नाही. सर्वत्र वरचे 5 टक्के आणि पत्रात त्याला आधार नाही, असे दिसले की आम्ही तक्ता बाजूला ठेवतो.

अर्धविराम

मी विद्यार्थी आहे. पत्र लिहून झाल्यावर सर ते तिला दाखवणार का? मला माझी पत्रे वाचायला फार आवडली असती.

कावेरी_काठ

अमेरिकेतील विद्यापीठांच्या अर्जात याबद्दल एक चौकट असते. तेथील 1974 च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे आणि शिफारसपत्रापुरता तो हक्क सोडायचा की नाही, हे अर्जदार त्या चौकटीत कळवतो. बहुतेक जण सोडतात, कारण गोपनीय पत्र अधिक मोकळेपणाने लिहिलेले असते असे मानले जाते. हक्क सोडला असला तरी शिक्षकाने आपणहून दाखवण्यास मनाई नाही. मी दाखवत नाही. माझे काही सहकारी दाखवतात.

प्रयोगवही

सर्वांचे आभार. तिला पुढील ईमेल पाठवला आहे:

"तुझा मसुदा मिळाला. पत्र मी माझ्या शब्दांत लिहीन, त्यासाठी काही माहिती हवी आहे. प्रत्येक अर्जासाठी पदवीचे पूर्ण नाव, विभाग, अभ्यासक्रमाच्या पानाची लिंक आणि पत्राची अंतिम मुदत कळव. तुझ्या अर्जाची आणि माझ्या पत्राची मुदत वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही लिही. पत्र पोर्टलवर द्यायचे की ईमेलने, आणि सोबत काही प्रश्नावली आहे का, तेही सांग. एसओपी जशी असेल तशी पाठव. इतर पत्रे कोण देणार आहे आणि मी कशाबद्दल लिहावे असे तुला वाटते, ते लिही. तापमानाच्या प्रकल्पात तुझा स्वतःचा भाग कोणता होता, विशेषतः दर पाच मिनिटांच्या नोंदींचा तक्ता कोणाच्या कल्पनेने झाला, हे आठवेल तसे सांग. नंतरच्या नोकरीबद्दल मी लिहिणार नाही, कारण ते काम मी पाहिलेले नाही."

प्रयोगवही

तिचे उत्तर आले. दोन अर्ज आहेत: एक वातावरणशास्त्रातील प्रबंधासह मास्टर्स, दुसरा डेटा सायन्समधील, केवळ वर्गातील अभ्यासाचा. तक्त्याची कल्पना गटातील दुसऱ्या मुलाची होती असे तिने स्वतःहून लिहिले आहे. बोर्ड तापत असल्याचा अंदाज आणि सेन्सर बाहेर काढून घेतलेल्या नोंदी तिच्या. वहीतील शेवटची चार पाने तिच्याच अक्षरात आहेत, मी पाहिली. पहिल्या अर्जाचे पत्र लिहायला घेतले आहे. दुसऱ्यासाठी मीच योग्य व्यक्ती आहे का, याबद्दल मात्र शंका आहे.

कावेरी_काठ

तिला सांख्यिकी किंवा प्रोग्रामिंग कोणी शिकवले असेल तर दुसऱ्या अर्जासाठी त्यांचे नाव सुचवा. कोणी नसेल तर आपणच लिहा, पण पहिले पत्र तसेच चिकटवू नका: त्याच प्रसंगात येथे भर नोंदी वाचून कारणापर्यंत पोहोचण्यावर द्या. आणि पाठवण्यापूर्वी विद्यापीठाचे नाव तपासा. दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव असलेली पत्रे आमच्याकडे दर वर्षी येतात.