चर्चा: पश्चिमेला मोठी खिडकी दिली की वाऱ्याचं काम झालं?

चारकोपकर: १२ बाय २८ फुटांचं बैठं घर पाडून नवं बांधतोय. बाजूच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढचं तोंड पश्चिमेला, मागे पूर्वेला तीन फुटांची गल्ली आणि पलीकडे चार मजली इमारत. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर. कंत्राटदार म्हणतो, हॉलला मोठी खिडकी द्या, बस्स. पटत नाही.

गोराईकर: पटवून घ्या. मुंबईत दुपारचा वारा समुद्राकडूनच येतो. छताजवळ एक व्हेंटिलेटर ठेवा, गरम हवा तिथून निघून जाईल.

साईटवरची: दिशा बरोबर आहे, पण हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत शिरतच नाही. मागच्या भिंतीला निदान पुढच्याएवढी उघडी जागा हवी. मधल्या दारावर दीड फूट उंचीचा व्हेंटिलेटर द्या, म्हणजे दार लावलं तरी वाट बंद होत नाही.

आता माप. हॉल १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट. दमट हवेत उघडी जागा जमिनीच्या एक षष्ठांश हवी, म्हणजे २८. सहा बाय चारची खिडकी २४ भरते, पण ती सरकती घेतली तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे १२. म्हणून पूर्ण उघडणारी शटरची घ्या, बाकीचे चार चौरस फूट खिडकीवरच्या व्हेंटिलेटरमधून भरून काढा. खिडकीचा कट्टा अडीच फुटांवर ठेवा, त्याहून वर गेला तर वारा झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून जातो.

गोराईकर: मग छताजवळचा व्हेंटिलेटर फुकटच?

साईटवरची: नाही, रात्री स्लॅबखालची ऊब त्यातून जाते. पण दहा फुटांच्या खोलीत गरम हवेचा जोर फार कमी असतो, अंगाला वारा लागत नाही.

जिजी: आम्ही डासांसाठी बारीक जाळी लावली आणि वारा निम्म्यावर आला. मला वाटतं जाळीच नको.

साईटवरची: जिजी, जाळी हवीच, फक्त खिडकी तेवढी मोठी करावी लागते. चारकोपकर, उजेडाचं वेगळं आहे. सात फुटांवरच्या लिंटेलचा उजेड साधारण चौदा ते सतरा फूट आत पोचतो, म्हणजे हॉल सुटला. मागे मात्र समोरच्या इमारतीमुळे खिडकीतून आकाशच दिसणार नाही, मग खिडकी कितीही मोठी केली तरी ओटा अंधारातच. तिथे स्लॅबमध्ये काचेचा झरोका ठेवा. पाडण्याआधी दुपारी मधल्या दारात अगरबत्ती धरून बघा, धूर सरळ वर गेला तर वाट बंद आहे.

गोराईकर: आणि जुलैत पश्चिमेचा पाऊस? दोन फुटांचा छज्जा पुरत नाही, खिडकी बंदच ठेवावी लागेल.

साईटवरची: मान्य. म्हणून वरच्या व्हेंटिलेटरला तिरप्या पट्ट्या सुचवते, पण जोराच्या सरीत त्यातूनही तुषार येतात. ह्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

चारकोपकर: हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेचा. फोडणीचा वास हॉलमध्ये येईल त्याचं काय?

गोराईकर: ओट्यावर एक्झॉस्ट.

जिजी: आणि मधलं दार लावून घ्या.

चारकोपकर: दार लावलं तरी वर व्हेंटिलेटर उघडाच ना!

साईटवरची: त्याला शटर लावा, फोडणी संपली की उघडा.