तडितरोधक असूनही टीव्ही का जळतो

«गच्चीवर तडितरोधक आहे, तरी परवाच्या वळवात टीव्ही आणि राउटर गेले. मग त्या दांड्याचा उपयोग काय?»

दांडा इमारत वाचवतो. टीव्ही वाचवणं हे त्याचं कामच नाही. विजेचा प्रवाह भिंती-स्लॅबमधून न जाता दांड्याला जोडलेल्या पट्टीवरून जमिनीत जावा, एवढ्यासाठीच तो असतो. पण अर्थिंगचा रोध 10 ओहम धरला आणि साधारण 30,000 अँपिअरची वीज पडली, तर पट्टीवर क्षणभर 3 लाख व्होल्ट येतात. घराचं अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात, तडितरोधकाचं वेगळ्या, आणि दोन्ही जोडलेली नसतील, तर हा फरक घरातल्या वायरिंगवर येतो आणि ठिणगी उपकरणातून उडी मारते. म्हणून दोन्ही अर्थिंग जमिनीलगत जाड पट्टीने एकत्र जोडायलाच हवीत. मेन बोर्डात टाइप 1 एसपीडी, म्हणजे विजेची लाट जमिनीत वळवणारं उपकरण लागतं, आणि त्याच्या जोडवायरी मिळून अर्धा मीटरच्या आत हव्यात. लांब वायर ठेवली की त्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. वीज शेजारी पडली तरी वायरीतून लाट येतेच, तेव्हाही तेच कामी येतं. केबलची वायर मात्र वेगळी वाट आहे, ढग गडगडायच्या आधीच ती काढून ठेवा.

पन्हाळ्याकडच्या जांभ्यात अर्थिंगचा रोध शिरोळच्या काळ्या मातीपेक्षा बराच जास्त भरतो. मोजणी पावसाळ्यात करू नका, ओल्या जमिनीत आकडा फसवा येतो. मार्चअखेर टेस्ट जॉइंट, म्हणजे पट्टीवरचा मोजणीसाठी सुटा होणारा जोड उघडून अर्थ टेस्टरने मोजा. 10च्या वर गेला तर आणखी एक इलेक्ट्रोड ठोकून जोडा.